संगणकाच्या चष्म्याचा खर्च मागणारे पत्र: मागणी कशी सिद्ध करावी

व्यावसायिक संवाद या विषयात आपण अर्ज, तक्रार आणि विनंती अशी तीन प्रकारची पत्रे शिकतो. या पाठात विनंतीपत्राचे एकच उदाहरण सविस्तर पाहू. एका कर्मचाऱ्याला दिवसभर स्क्रीनसमोर काम करावे लागते, त्यासाठी त्याला वेगळा चष्मा लागतो आणि त्या चष्म्याचा खर्च कंपनीने द्यावा असे त्याला वाटते. असे पत्र लिहायला सोपे दिसते, पण ते बऱ्याचदा फेटाळले जाते. पत्रातली भाषा कमी पडली म्हणून नव्हे, तर ज्या एका मुद्द्यावर मागणी उभी राहते तोच पत्रात नसतो म्हणून.

तो मुद्दा असा: माझा नेहमीचा चष्मा माझ्या कामाच्या अंतरावर चालत नाही. हे वाक्य मोजमापासह सिद्ध झाले, की उरलेले पत्र चार ओळींचे असते. ते सिद्ध झाले नाही, तर चार पानेही पुरत नाहीत.

१. 'संगणकाचा चष्मा' म्हणजे नेमके काय

बाजारात या एकाच नावाने दोन निराळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे स्क्रीनच्या अंतरासाठी नंबर काढून केलेला चष्मा. दुसरी म्हणजे 'ब्लू कट' काचांचा चष्मा. त्यात नंबर असो वा नसो, स्क्रीनमधून येणारा निळा प्रकाश काही प्रमाणात अडवला जातो, असा त्याचा दावा असतो.

पत्र लिहिण्याआधी आपल्याला यांपैकी काय हवे आहे हे ठरवणे आवश्यक आहे, कारण दोन्हींमागचा पुरावा सारखा नाही. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांवर २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने एक आढावा प्रसिद्ध केला. त्यात १७ चाचण्या एकत्र करून पाहिल्या होत्या. साध्या काचांच्या तुलनेत या काचांमुळे संगणकावरील कामाने येणारा डोळ्यांचा थकवा अल्पकाळात कमी होतो असे त्यांतून दिसले नाही. म्हणून 'स्क्रीनच्या निळ्या प्रकाशापासून संरक्षण हवे' या कारणावर लिहिलेले पत्र एखाद्या जाणकार अधिकाऱ्याने परत पाठवले, तर त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही.

पहिल्या प्रकाराची गोष्ट वेगळी आहे. त्यामागे साधे प्रकाशशास्त्र आहे आणि ते आपल्याला आकड्यांत मांडता येते.

२. चाळिशी आणि स्क्रीनचे अंतर

जवळची वस्तू स्पष्ट दिसण्यासाठी डोळ्यातील भिंग आपला आकार बदलते आणि जादा शक्ती पुरवते. किती शक्ती लागेल हे वस्तूच्या अंतरावर ठरते. अंतर सेंटिमीटरमध्ये घेतले तर सूत्र असे:

```
लागणारी शक्ती (डायॉप्टर) = १०० ÷ अंतर (सेंमी)
```

पुस्तक साधारण ४० सेंमीवर धरतात, त्यासाठी १०० ÷ ४० = २.५ डायॉप्टर लागतात. टेबलावरचा मॉनिटर ६५ सेंमीवर असेल तर १०० ÷ ६५ = सुमारे १.५ डायॉप्टर लागतात. तरुण डोळा हे दोन्ही सहज पुरवतो. वय वाढते तसे डोळ्यातील भिंग कडक होत जाते आणि ही शक्ती कमी होते. चाळिशीच्या आसपास वाचताना हात लांब करावा लागतो, म्हणून वाचनाच्या चष्म्याला आपण 'चाळिशी' हेच नाव दिले आहे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, बेंगळुरूमधील एका सॉफ्टवेअर कंपनीत तांत्रिक दस्तऐवज लिहिणाऱ्या ५२ वर्षांच्या एक बाई आहेत. त्यांचा लांबचा नंबर शून्य आहे आणि जवळचा नंबर +२.०० आहे. वाचनाच्या ४० सेंमी अंतरावर २.५ डायॉप्टर लागतात. त्यांपैकी २.० चष्मा देतो आणि उरलेला ०.५ डोळा स्वतः, न थकता देतो. वाचन आरामात होते.

हाच चष्मा लावून त्या मॉनिटरकडे पाहतात तेव्हा काय होते? डोळ्याने काहीच शक्ती लावली नाही, तरी चष्म्याचे २.० डायॉप्टर राहतातच. त्या शक्तीला जुळणारे अंतर १०० ÷ २.० = ५० सेंमी. म्हणजे या चष्म्यातून स्पष्ट दिसणारे सर्वांत लांबचे अंतर ५० सेंमी आहे. मॉनिटर ६५ सेंमीवर आहे, तो धूसर दिसणार. डोळा शक्ती वाढवू शकतो, पण शून्याच्या खाली नेऊ शकत नाही, म्हणून कितीही प्रयत्न केला तरी उपयोग नाही. मग बाई नकळत पुढे झुकतात आणि संध्याकाळी मान व पाठ दुखते.

चष्मा काढला तर? मॉनिटरसाठी १.५ डायॉप्टर लागतात आणि डोळा आरामात ०.५ देतो. सुमारे १.० डायॉप्टर कमी पडतो. काही मिनिटे ताण देऊन वाचता येईल, आठ तास नाही.

म्हणजे त्यांचे दोन्ही पर्याय, वाचनाचा चष्मा लावणे आणि न लावणे, स्क्रीनच्या अंतरावर अपुरे पडतात. मधल्या अंतरासाठी +१.०० च्या आसपासचा नंबर लागतो. नेमका नंबर तपासणीनंतर नेत्रतज्ज्ञ किंवा ऑप्टोमेट्रिस्टच ठरवतील, पण तो का लागतो हे आता आपल्याला दाखवता येते.

ज्यांच्याकडे प्रोग्रेसिव्ह काचांचा चष्मा असतो त्यांची अडचण थोडी वेगळी असते. अशा काचेत वर लांबचा, खाली जवळचा आणि मधल्या एका अरुंद पट्ट्यात मधल्या अंतराचा नंबर असतो. स्क्रीन डोळ्यांच्या समोर असते, त्यामुळे तो पट्टा स्क्रीनवर आणण्यासाठी हनुवटी वर करून बसावे लागते. अशा व्यक्तीने पत्रात 'दिसत नाही' असे लिहू नये, कारण दिसते. 'स्पष्ट दिसण्यासाठी मान मागे झुकवून बसावे लागते' असे लिहावे.

इथे एक मर्यादा लक्षात ठेवा. डोळे कोरडे पडणे, चुरचुरणे, पाणी येणे या तक्रारी बहुधा नंबरामुळे नसतात. स्क्रीनकडे एकटक पाहताना आपण पापण्या कमी वेळा मिटतो आणि एसीची हवा कोरडी असते. हा त्रास चष्म्याने जात नाही. तुमची तक्रार फक्त एवढीच असेल तर हे पत्र लिहू नका. आधी डोळे तपासून घ्या.

३. युरोपातला नियम आणि क्लूजचा खटला

ही मागणी कायद्याने कुठे मान्य झाली आहे का? झाली आहे. युरोपीय समुदायाने १९९० मध्ये स्क्रीनवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी ९०/२७० क्रमांकाचा निर्देश काढला. त्याच्या नवव्या कलमानुसार स्क्रीनचे काम सुरू करण्यापूर्वी, त्यानंतर ठरावीक काळाने आणि त्रास झाल्यास कर्मचाऱ्याला डोळ्यांची तपासणी मिळाली पाहिजे. तपासणीत गरज दिसली आणि नेहमीचा चष्मा चालत नसला, तर त्या कामासाठीचा खास चष्मा मिळाला पाहिजे. या कशाचाही आर्थिक भार कर्मचाऱ्यावर पडता कामा नये.

या कलमाचा अर्थ एका खटल्यात तपासला गेला. रोमानियातील क्लूज शहरात स्थलांतर विभागाच्या कार्यालयात एक कर्मचारी स्क्रीनवर काम करत होता. न्यायालयाच्या कागदपत्रांत त्याचे नाव नाही, टीजे एवढी अक्षरे आहेत. त्याची दृष्टी बरीच खालावली आणि तज्ज्ञाने चष्मा बदलायला सांगितले. नव्या चष्म्याला २,६२९ लेई, म्हणजे सुमारे ५३० युरो लागले. त्याने ही रक्कम मागितली, कार्यालयाने नकार दिला. पहिल्या न्यायालयातही तो हरला. अपिलाच्या न्यायालयाने कलमाच्या अर्थाविषयी युरोपीय न्यायालयाला प्रश्न विचारले आणि २२ डिसेंबर २०२२ रोजी त्यांची उत्तरे आली.

त्या उत्तरांतल्या तीन गोष्टी पत्र लिहिणाऱ्याला उपयोगी आहेत. पहिली, दृष्टीचा त्रास स्क्रीनमुळेच झाला हे सिद्ध करण्याची गरज नाही. चष्मा स्क्रीनच्या कामाशी संबंधित दृष्टिदोष सुधारण्यासाठी किंवा टाळण्यासाठी असला पाहिजे, एवढे पुरते. दुसरी, तो चष्मा फक्त ऑफिसातच वापरला पाहिजे असे नाही. तिसरी, मालकाने चष्मा घेऊन द्यावा किंवा आवश्यक तेवढा खर्च परत करावा. पगारात सरसकट भत्ता दिला म्हणून ही जबाबदारी संपत नाही. टीजेचा चष्मा या व्याख्येत बसतो की नाही, हे ठरवण्याचे काम मात्र रोमानियातील न्यायालयाकडेच ठेवले गेले.

बेंगळुरूतील खासगी कंपनीला हा निर्देश लागू नाही. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यातील कलम ३५ मध्ये डोळ्यांच्या संरक्षणाची तरतूद आली, पण ती उडणारे कण आणि अतितीव्र प्रकाश यांसाठी होती, म्हणजे ग्राइंडिंग किंवा वेल्डिंगसारख्या कामांसाठी. त्यामुळे आपल्या पत्रात 'हा माझा कायदेशीर हक्क आहे' असे लिहिणे चुकीचे ठरेल. आपले पत्र विनंतीच आहे. तरीही युरोपीय निर्देशातली कसोटी आपल्याला घेता येते: तपासणी झाली का, नेहमीचा चष्मा का चालत नाही, खर्च आवश्यक तेवढाच आहे का. व्यवस्थापनालाही हेच तीन प्रश्न पडतात. कंपनीची युरोपात कार्यालये असतील, तर तिथे चष्म्याविषयी धोरण असते. आपल्या कर्मचारी पुस्तिकेत तसे काही आहे का, हे आधी पाहावे.

४. पत्राआधीची तयारी

पहिले काम म्हणजे अंतर मोजणे. नेहमीसारखे, खुर्चीला पाठ टेकून बसा आणि सहकाऱ्याला टेपने डोळ्यापासून स्क्रीनच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजायला सांगा. दोन मॉनिटर असतील तर दोन्हींचे मोजा. हा आकडा घेऊनच तपासणीला जा. आपण काही सांगितले नाही तर जवळचा नंबर सहसा वाचनाच्या अंतरावर, म्हणजे ४० सेंमीच्या आसपास काढला जातो आणि नवा चष्माही जुन्यासारखाच निघतो. चिठ्ठीवर कामाचे अंतर आणि 'संगणकाच्या कामासाठी' हे शब्द लिहून घ्या. पत्राचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा हाच.

दुसरे काम म्हणजे एका रास्त प्रश्नाचे उत्तर तयार ठेवणे. अधिकारी विचारतील, "स्क्रीन ५० सेंमीवर आणली तर जुना चष्मा चालणार नाही का?" प्रश्न बरोबर आहे. एकच लहान स्क्रीन असेल तर हा उपाय खरोखर चालतो आणि तो फुकट आहे. पण आपल्या उदाहरणातील बाईंसमोर २७ इंचांचे दोन मॉनिटर शेजारीशेजारी, एका सरळ रेषेत आहेत. प्रत्येकाची रुंदी सुमारे ६० सेंमी. दोन्हींच्या मध्ये बसून ते ५० सेंमीवर आणले, तर बाहेरच्या कडेचे अंतर पायथागोरसच्या प्रमेयाने असे येते:

```
√(५०² + ६०²) = √६१०० ≈ ७८ सेंमी
```

मधला भाग स्पष्ट दिसेल, पण कडा ५० सेंमीच्या मर्यादेच्या बऱ्याच पलीकडे राहतील. मॉनिटर आतल्या बाजूला तिरपे केले तर फरक कमी होतो, पूर्ण जात नाही. हे करून पाहिले असेल तर पत्रात एका वाक्यात लिहावे. करून पाहिले नसेल तर आधी करून पाहावे.

तिसरे काम खर्चाचे. चष्मा घेण्याआधी दुकानातून कोटेशन घ्या आणि त्यात फ्रेम व काचा यांच्या किमती वेगळ्या मागा. क्लूजच्या निकालातही 'आवश्यक' खर्चच देय होता. महाग ब्रँडची फ्रेम ही आवड आहे, गरज नाही. साध्या फ्रेमची किंमत मागावी आणि वरचा फरक स्वतः भरावा. मंजुरी आधी आणि खरेदी नंतर, हा क्रम ठेवला तर बिलाची तारीख, चिठ्ठीची तारीख यांवरून पुढे वाद होत नाहीत.

५. नमुना पत्र

कंपनीत हे पत्र बहुधा इंग्रजी ईमेलने जाईल. बांधणी तीच राहते.

> प्रति,
> व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग
>
> विषय: संगणकाच्या कामासाठी लागणाऱ्या चष्म्याच्या खर्चाला पूर्वमंजुरी मिळण्याबाबत
>
> महोदय,
>
> मी दस्तऐवज विभागात काम करते. माझे जवळपास सर्व काम दोन मॉनिटरवर, दिवसाला सुमारे सात तास चालते. माझ्या जागेवर डोळ्यांपासून स्क्रीनचे अंतर ६५ सेंमी आहे.
>
> माझा वाचनाचा चष्मा ४० सेंमीसाठी आहे आणि त्यातून ५० सेंमीपलीकडचे धूसर दिसते. चष्म्याशिवाय स्क्रीनवरचा मजकूर फार वेळ वाचता येत नाही. मॉनिटर जवळ आणून पाहिले, पण दोन्हींच्या बाहेरच्या कडा स्पष्ट दिसत नाहीत. नेत्रतज्ज्ञांनी तपासून ६५ सेंमी अंतरासाठी वेगळा चष्मा सुचवला आहे. चिठ्ठी सोबत जोडली आहे.
>
> या चष्म्याचे कोटेशन ३,५०० रुपये आहे (काचा १,९०० रुपये, साधी फ्रेम १,६०० रुपये). हा खर्च कंपनीने द्यावा अशी विनंती आहे. पूर्ण रक्कम शक्य नसल्यास काचांच्या किमतीचा विचार व्हावा. रक्कम कोणत्या खात्याखाली मिळेल आणि बिल कोणाच्या नावे घ्यावे, हेही कळवावे.
>
> आपली विश्वासू,
> (नाव, कर्मचारी क्रमांक)
>
> सोबत: १. तपासणीची चिठ्ठी २. कोटेशन

या पत्रात काय नाही तेही पाहा. 'कंपनीच्या कामामुळे माझे डोळे बिघडले' असे कुठेही म्हटलेले नाही. असे वाक्य आले की पत्र विनंतीचे राहत नाही, नुकसानभरपाईची मागणी होते आणि ते कायदा विभागाकडे जाऊन पडून राहते. शिवाय ते बहुधा खरेही नसते, कारण चाळिशी वयाने येते. रक्तदाब, मधुमेह अशी इतर माहिती असलेली वैद्यकीय फाइलही जोडलेली नाही. मागणीला जेवढे लागते तेवढेच कागद द्यावेत.

'पूर्ण रक्कम शक्य नसल्यास' या वाक्यालाही काम आहे. ज्या अधिकाऱ्याच्या हातात ३,५०० रुपयांचा अधिकार नाही, त्याला 'नाही' म्हणण्याऐवजी दुसरे काही म्हणता येते.

खात्याविषयीचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण त्याचा परिणाम हातात पडणाऱ्या रकमेवर होतो. पूर्वी कंपनीने परत केलेला वैद्यकीय खर्च वर्षाला १५,००० रुपयांपर्यंत करमुक्त होता. २०१८ च्या अर्थसंकल्पात ही सवलत जाऊन प्रमाणित वजावट आली. त्यामुळे चष्म्याची रक्कम वैद्यकीय प्रतिपूर्ती म्हणून पगारातून आली तर तिच्यावर कर कापला जाऊ शकतो. कामाचे साधन म्हणून कंपनीने चष्मा खरेदी केला किंवा त्या खात्याखाली खर्च दिला तर हिशेब वेगळा होऊ शकतो. हा निर्णय लेखा विभागाचा आहे, आपण फक्त आधी विचारून ठेवायचे.

६. नकार आला तर

नकाराचे कारण वाचा. 'आमच्या धोरणात हे नाही' असे उत्तर असेल, तर आरोग्यविम्यात किंवा वार्षिक आरोग्य भत्त्यात चष्मा बसतो का हे विचारता येते. 'गरज दिसत नाही' असे उत्तर असेल, तर बहुधा चिठ्ठीवर कामाचे अंतर लिहिलेले नसते. ते लिहून घेऊन पत्र पुन्हा पाठवावे. 'ब्लू कटचा खर्च देत नाही' असे उत्तर आले, तर कोटेशन पाहा. दुकानदाराने तो लेप आपणहून जोडलेला असू शकतो. तो काढून नवे कोटेशन दिले की आक्षेप संपतो आणि किंमतही कमी होते.

सरावासाठी

१. एका व्यक्तीचा लांबचा नंबर शून्य व जवळचा नंबर +२.५० आहे आणि स्क्रीन ६० सेंमीवर आहे. जवळच्या चष्म्यातून स्पष्ट दिसणारे सर्वांत लांबचे अंतर काढा. स्क्रीन त्याच्या आत आहे का? दोन्ही अंतरांच्या शक्तीत किती डायॉप्टरचा फरक आहे?

२. 'सततच्या स्क्रीनमुळे माझे डोळे खराब झाले असून कंपनीने भरपाई द्यावी' हे वाक्य विनंतीपत्रात बसेल असे पुन्हा लिहा. तुम्ही कोणते आकडे जोडलेत ते सांगा.

३. २२ वर्षांच्या, नंबर नसलेल्या एका विद्यार्थ्याचे डोळे इंटर्नशिपमध्ये संध्याकाळी चुरचुरतात. त्याने हे पत्र लिहावे का? दुसऱ्या भागाच्या आधारे कारण द्या.